आठवड्याचे 48 तास 30 झाले तेव्हा: एका पगाराच्या फेरमांडणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधली यंत्रांच्या सुट्या भागांचं वितरण करणारी एक फर्म. चाळीसेक माणसं, आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास. मी तिथे बाहेरून पगार आणि कामगार कायद्यांचं काम बघतो. ज्यांची ही गोष्ट आहे त्या हिशेब विभागात जून 2012 पासून होत्या. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून इथेही ताईच म्हणतो. फर्मची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

2023 च्या मे महिन्यात ताईंच्या सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. यंत्रावर चार तास, त्यात जाणं-येणं, आणि घरी आल्यावर माणूस गळून गेलेला. नवरा फिरतीच्या नोकरीत. दीड महिना ताईंनी रजा टाकत ढकलला आणि मग मालकांपुढे येऊन बसल्या. म्हणाल्या, "साहेब, नोकरी सोडायची नाहीये. पण पूर्ण वेळ जमणार नाही."

मालकांना ताई हव्या होत्या. अकरा वर्षांचे हिशेब ज्याच्या डोक्यात आहेत अशा माणसाची जागा सहज भरून निघत नाही. त्यांनी मला फोन केला: "अर्धा वेळ, अर्धा पगार. पत्र बनवा." काम खरंच एवढंच असेल असं मलाही त्या क्षणी वाटलं होतं.

ताईंचा तेव्हाचा पगार असा होता: मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 24,000, घरभाडे भत्ता 9,600, प्रवास भत्ता 1,600 आणि विशेष भत्ता 4,800. एकूण 40,000 रुपये.

प्रश्न कुठे होता

तासांच्या प्रमाणात पगार कमी करणं ही त्रैराशिकाची गोष्ट आहे. पण पगाराला चिकटलेल्या बाकीच्या गोष्टी त्याच प्रमाणात हलत नाहीत. काही मुळीच हलत नाहीत. काहींना कायद्याने मर्यादा घातलेली असते, आणि पगार ती रेषा ओलांडून खाली आला की माणूस एका व्यवस्थेतून उचलून दुसरीत टाकला जातो. शिवाय काही गोष्टी मागे जाऊन, म्हणजे आधीच कमावलेल्या वर्षांवर, परिणाम करतात. ग्रॅच्युइटी ही त्यातली सगळ्यात वाईट, आणि ती कुणाच्याच डोक्यात नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा होता. तो ताईंनीच नाकारला, कारण मुलांच्या फिया होत्या. रोज चार तास हा दुसरा. तोही टिकेना, कारण डायलिसिसच्या दिवशी ऑफिसात येणंच शक्य नव्हतं.

तिसरा मालकांचा: मंगळवार, गुरुवार, शनिवार पूर्ण दिवस, म्हणजे आठवड्याला 24 तास, बरोबर निम्मे. कागदावर हा सगळ्यात स्वच्छ दिसत होता. मी आकडे मांडले तेव्हा तीन अडचणी निघाल्या.

एक, पगार 20,000 वर येत होता. राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची, मर्यादा 21,000 रुपये. त्याच्या आत पगार आला की योजना लागू होते, तिथे कर्मचाऱ्याच्या इच्छेचा प्रश्न नसतो. ताईंचे 0.75 टक्के कापले जाणार, फर्म 3.25 टक्के भरणार. ईएसआय लागू झालेल्यांना ग्रुप मेडिक्लेममधून वगळायची फर्मची पद्धत होती, म्हणजे ताई, नवरा आणि मुलं यांचं नेहमीचं हॉस्पिटल सुटणार. त्या बदल्यात सासऱ्यांचं डायलिसिस तरी निघेल का, असं ताईंनी विचारलं. त्या वेळच्या कायद्यात कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबून असलेले आईवडील होते, सासू-सासरे नव्हते. थोडक्यात, ज्यांच्या आजारपणामुळे पगार खाली येत होता त्यांनाच योजनेचा उपयोग नव्हता.

दोन, पेन्शन. फर्म भविष्य निर्वाह निधी 15,000 च्या कायदेशीर मर्यादेवरच भरत होती, महिना 1,800 ताईंचे आणि 1,800 फर्मचे. फर्मच्या वाट्यातले 1,250 पेन्शन योजनेत जात. मूळ वेतन 12,000 झालं असतं तर निधीचा हप्ता 1,440 वर आणि पेन्शनचा हजाराच्या आसपास आला असता.

तीन, 240 दिवस. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा मिळायला वर्षात किमान 240 दिवस काम झालेलं असावं लागतं, आणि मग वीस दिवसांमागे एक दिवस रजा. आठवड्याला तीन दिवस आलं तर वर्षाचे फार तर 156 दिवस भरतात. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही सलग सेवेच्या वादात हाच आकडा पुढे येतो. कराराने ठरलेली सुट्टी म्हणजे गैरहजेरी नव्हे, असा युक्तिवाद तिथे करता येतो आणि मला तो पटतोही. पण आठ-दहा वर्षांनी, मालकही बदललेले असताना, ताईंनी तो युक्तिवाद कुणापुढे करायचा?

चौथा पर्याय बोलता बोलता ताईंकडूनच आला. "डायलिसिस सकाळी असतं. संध्याकाळी बाबा झोपतात. दोन तास मी घरून एंट्र्या करू शकते." तीन दिवस ऑफिसात आठ-आठ तास आणि तीन दिवस घरून दोन-दोन तास, एकूण आठवड्याला 30 तास. 48 चे 62.5 टक्के. कामाचे दिवस सहाच राहिले, त्यामुळे 240 चा प्रश्न मिटला. मूळ वेतन 15,000 वर येऊन थांबलं, म्हणजे निधी आणि पेन्शनला धक्का नाही. एकूण पगार ईएसआयच्या रेषेच्या वर राहिला. आकडे इतके नेमके बसतील असं मला वाटलं नव्हतं. पगार थोडा वेगळा असता तर बसले नसते, हेही खरं.

नवा पगार

मूळ वेतन 15,000, घरभाडे भत्ता 6,000 आणि विशेष भत्ता 3,000, हे तिन्ही तासांच्या प्रमाणात. प्रवास भत्त्यावर थोडी घासाघीस झाली. मालक म्हणाले, येणं निम्म्या दिवशी, तर भत्ता निम्मा, 800. तासांच्या प्रमाणात तो 1,000 झाला असता. दोनशे रुपयांसाठी वाद नको म्हणून ताईंनी मान्य केलं, आणि तर्कही चुकीचा नव्हता. प्रवास भत्ता खेपांशी बांधलेला असतो. एकूण झाले 24,800. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे दरमहा कापले जाणारे 200 रुपयेही वाचले.

मेडिक्लेमचा हप्ता प्रमाणात भरायचा, म्हणजे उरलेले 37.5 टक्के ताईंकडून घ्यायचे, असा एक विचार मालकांनी मांडला होता. हॉस्पिटलचं बिल काही 62.5 टक्के येत नाही, एवढंच मी म्हणालो. तो विषय तिथेच संपला. मात्र पॉलिसी उघडून पाहिली तेव्हा तिच्यात विमा 'पूर्णवेळ कायम कर्मचाऱ्यां'ना असल्याचं लिहिलेलं निघालं. हे वाचलं नसतं तर फर्म हप्ता भरत राहिली असती आणि दाव्याच्या वेळी कंपनीने हात वर केले असते. अर्धवेळ असूनही ताईंचा विमा चालू राहील अशी पॉलिसीतली दुरुस्ती, म्हणजे एंडोर्समेंट, विमा कंपनीकडून लेखी घेतली आणि मगच बदलाची तारीख ठरवली: 16 जुलै 2023.

ग्रॅच्युइटीचा पेच

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. अडचण 'शेवटचं' या शब्दात आहे. जुलै 2023 पर्यंत ताईंची अकरा वर्षं झाली होती. 24,000 वर त्यांची रक्कम होत होती सुमारे 1,52,300. बदलाच्या दुसऱ्या दिवशी, 15,000 वर, त्याच अकरा वर्षांची रक्कम होते सुमारे 95,200. पूर्णवेळ राबून कमावलेले 57,000 रुपये एका सहीने गेले असते, आणि पगारपत्रिकेत ते कुठेच दिसले नसते.

मालकांनी सुचवलं की आत्ताच अकरा वर्षांचे पैसे देऊन टाकू, राजीनामा घेऊ आणि नव्याने नेमणूक करू. हे अनेक ठिकाणी केलं जातं. मी विरोध केला. सेवा तुटली की पाच वर्षांची अट नव्याने सुरू होते, जुनी ज्येष्ठता जाते, आणि वर त्या राजीनाम्याला खरा राजीनामा म्हणायचं का हा वाद उभा राहतो.

वाट कायद्यातच सापडली. तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम 4(4) मध्ये अपंगत्व आल्यावर कमी पगारावर काम करणाऱ्यांसाठी हिशेब दोन तुकड्यांत करायला सांगितला होता: अपंगत्वाच्या आधीच्या वर्षांना आधीचा पगार, नंतरच्या वर्षांना कमी झालेला. ताईंना हे कलम लागू नव्हतं, पण त्याचा साचा उचलता येत होता. कलम 4(5) नुसार कायद्यापेक्षा चांगल्या अटी करारातून देता येत होत्या. म्हणून पत्रात लिहिलं की 15 जुलै 2023 पर्यंतची वर्षं 24,000 वर मोजली जातील आणि पुढची त्या त्या वेळच्या वेतनावर.

मालकांनी इथे बरोबर प्रश्न विचारला: "आणि उद्या त्या पुन्हा पूर्णवेळ झाल्या तर? मधली अर्धवेळ वर्षंही तुकड्यानेच मोजायची ना?" तसं करता येत नाही. शेवटच्या पगारावरची रक्कम ही कायद्याची किमान रक्कम आहे, करार तिच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणजे ताई परत पूर्णवेळ झाल्या की मधली वर्षंही पूर्ण पगाराने मोजावी लागणार. मालकांना हे थोडं टोचलं. पत्रात शेवटी 'दोन्हींपैकी जी रक्कम जास्त असेल ती' असे शब्द गेले. ताईंना मी एक गोष्ट वेगळी सांगितली: अर्धवेळ असतानाच नोकरी सोडली तर सूत्राच्या वरची, करारातून मिळणारी रक्कम करमाफीत बसणार नाही.

रजेचा साठा

ताईंच्या खात्यात 30 दिवस अर्जित रजा होती. हे 30 दिवस जसेच्या तसे ठेवले असते तर दोन विचित्र गोष्टी घडल्या असत्या. सोमवारी रजा घेतली तर दोन तासांसाठी पूर्ण दिवस गेला असता. आणि रजा विकायची वेळ आली असती तर नव्या दराने त्यांची किंमत 46,000 वरून 28,600 वर आली असती.

साठा तासांत बदलला: 30 गुणिले 8, म्हणजे 240 तास. सोमवारची रजा दोन तास खाते, मंगळवारची आठ. तासाचा दर आधी सुमारे 192 रुपये होता, नंतर सुमारे 191, त्यामुळे साठ्याची किंमत आपोआप राखली गेली. पुढे जमा होणाऱ्या रजेचा एक दिवस सरासरी पाच तासांचा धरला.

सणांच्या सुट्ट्यांचं मात्र आम्ही काही केलं नाही. स्वातंत्र्यदिन त्या वर्षी मंगळवारी होता, ताईंना आठ तासांची सुट्टी मिळाली. गांधीजयंती सोमवारी आली, तेव्हा दोन तासांची. वर्षभरात साधारण बरोबरी होईल म्हणून सोडून दिलं.

पहिली पगारपत्रिका

जुलैचा हिशेब असा व्हायला हवा होता: 40,000 चे 31 पैकी 15 दिवस, म्हणजे 19,355. 24,800 चे 31 पैकी 16 दिवस, म्हणजे 12,800. एकूण 32,155.

ताईंच्या हातात आलेल्या पत्रिकेवर वेतन होतं 19,200.

त्यांनी मला फोन केला तेव्हा तक्रार रकमेची नव्हती. महिना मोडून आला आहे, कमी येणारच, असं त्यांनी धरलं होतं. त्यांनी विचारलं, "ईएसआयचे 144 रुपये का कापलेत? तुम्ही तर लागणार नाही म्हणाला होता." त्या एका ओळीवरून सगळं उलगडलं. सॉफ्टवेअरमध्ये नवा पगार भरताना लागू होण्याची तारीख 1 जुलै पडली होती, त्यामुळे अख्खा महिना 24,800 ने धरला गेला. वर, डायलिसिसच्या सात दिवशी बायोमेट्रिकवर बोट लागलं नव्हतं, म्हणून हजेरीने सात दिवस गैरहजर धरून 5,600 कापले. म्हणजे तासांच्या प्रमाणात आधीच कमी केलेला पगार हजेरीने दुसऱ्यांदा कमी केला. आलेली रक्कम 21,000 च्या आत, म्हणून सॉफ्टवेअरने आपणहून ईएसआय लावला. खरं तर ईएसआयची मर्यादा ठरलेल्या पगारावर बघायची असते, बिनपगारी कापून उरलेल्या रकमेवर नाही.

ही दुहेरी कपात अर्धवेळ प्रकरणांत मी नंतर आणखी दोन ठिकाणी पाहिली. ओळखायची खूण एकच: ज्या माणसाने एकही रजा घेतली नाही त्याच्या पत्रिकेत बिनपगारी दिवस दिसतात. इलाज म्हणजे त्या व्यक्तीसाठी हजेरीत वेगळी शिफ्ट तयार करणं, जिच्यात सोमवार, बुधवार, शुक्रवारचे अपेक्षित तास दोन आणि पंचिंग ऐच्छिक. फर्मने 12,955 रुपये आणि ते 144 चार दिवसांत दिले.

तास वाढत गेले

हिशेबाच्या कामाला स्वतःच्या तारखा असतात. जीएसटीची विवरणपत्रं 11 आणि 20 तारखेला भरायची, आणि त्या आधीच्या संध्याकाळी ताईंचे दोन तास चार-पाच व्हायचे. पगार 30 तासांचा, काम 34 चं. मला याची कल्पना नव्हती. ताईंनीच एका वहीत तास लिहून ठेवले होते, जुनी हिशेबनीस सवय. ऑक्टोबरच्या मध्यात वही मालकांपुढे ठेवली: तीन महिन्यांत 41 तास जास्त.

मालकांनी आधी 'सगळेच थांबतात की' म्हणून पाहिलं. पण पूर्णवेळ माणसाने तास वाढवले तर तो पूर्ण पगारावर थांबतो, इथे पगारच तास मोजून कापला होता. ते त्यांना पटलं. 191 च्या दराने सुमारे 7,800 रुपये दिवाळीच्या आधी मिळाले. पुढे विवरणपत्राच्या आठवड्यात जास्त झालेले तास पुढच्या आठवड्यात कमी करायचे असं ठरलं. ते निम्म्या वेळा पाळलं गेलं, उरलेल्या वेळी पैसे दिले गेले.

पुढे काय झालं

एप्रिल 2024 मध्ये सगळ्यांना आठ टक्के वाढ मिळाली. ताईंचं मूळ वेतन 16,200 झालं, आणि एकूण पगार 25,000 च्या वर गेल्याने व्यवसाय कर पुन्हा सुरू झाला. त्याच वेळी मी फर्मच्या नोंदीत त्यांचं पूर्णवेळ मूळ वेतनही 25,920 असं लिहून घेतलं. हे लिहिलेलं नसतं तर परत येताना त्यांना जुन्या 24,000 वर बसवण्याचा मोह कुणाला तरी झाला असता.

नोव्हेंबर 2024 मध्ये सासरे गेले. डिसेंबरपासून ताई पूर्णवेळ झाल्या, 25,920 मूळ वेतनावर. रजेचे 184 तास उरले होते, त्यांचे 23 दिवस करून खात्यात टाकले. ग्रॅच्युइटीचं दोन तुकड्यांचं कलम आता निकामी आहे, कारण शेवटच्या पगारावरची रक्कमच जास्त होते. मालकांना मधल्या काळासाठी वर्षाला सुमारे 5,600 रुपये जास्त द्यावे लागतील. तेही त्यांनी काढून पाहिलं आणि पत्र फाईलला लावलं.

आज करायचं झालं तर

बदल मी महिन्याच्या 1 तारखेपासूनच लागू करेन, आणि खरा पगार काढण्याआधी एक कच्ची पत्रिका ताईंसारख्या माणसाच्या हातात देईन. सणांच्या सुट्ट्यांचे वर्षाला 40 तास असा साठा बांधेन. वर्षभरात बरोबरी होते हा माझा अंदाज चुकला, ताईंच्या सुट्ट्या दोन तासांच्या दिवशी जास्त आल्या. जास्तीच्या तासांचं कलम पहिल्याच पत्रात घालेन.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे पहिला हिशेबही वेगळा निघेल. सामाजिक सुरक्षा संहितेत विवाहित स्त्रीचे अवलंबून असलेले सासू-सासरे कुटुंबात धरले आहेत, म्हणून निम्म्या वेळेचा पर्याय मी तेवढ्या सहज बाजूला सारणार नाही. सासऱ्यांचं उत्पन्न मर्यादेत बसतं का हे आधी पाहीन. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता वेतनात मोजला जातो. ताईंचं मूळ वेतन साठ टक्के असल्याने त्यांना फरक पडला नसता. 35 टक्के मूळ वेतन ठेवणाऱ्या फर्ममध्ये मात्र निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा आधार वेगळा निघेल, आणि 30 तासांचं हे गणित असं नेमकं बसणार नाही.